ताश्कंदच्या बाजारातली घासाघीस कथेत कशी उतरवायची

उझबेक विक्रेता आणि परदेशी गिऱ्हाईक यांच्या घासाघिशीचा प्रसंग लिहायला घेतला की नवा लेखक बहुतेक वेळा एकच करतो. सगळा संवाद आधी मराठीत लिहून काढतो आणि मग त्यात 'खराशो', 'स्पासीबा', 'रहमत' असे शब्द पेरतो. हे शब्द नंतर काढून टाकले तरी प्रसंगात काहीच बदलत नाही, आणि नेमकं तिथेच तो फसलेला असतो. बाजारातला माणूस उझबेकमधून रशियनमध्ये किंवा उलट जातो ते काही कारणाने. त्याला गिऱ्हाइकाला जवळ ओढायचं असतं, शेजाऱ्याशी गुपचूप बोलायचं असतं, हिशेब चुकू द्यायचा नसतो. हे कारण लेखकाला ठाऊक असेल तर प्रत्येक भाषाबदलाबरोबर भाव वरखाली होताना वाचकाला जाणवतो. असा एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा उभा करायचा ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी : शहर, बाजार आणि माल नक्की करा

शहर आधी ठरवा, कारण भाषा त्यावर ठरते. समरकंद आणि बुखारा ही नावं आपल्याला जवळची वाटतात म्हणून कथा तिकडे न्यायचा मोह होतो. पण या दोन्ही शहरांत घरोघर ताजिक बोलली जाते. तिथला दुकानदार शेजाऱ्याशी उझबेकऐवजी ताजिकमध्ये बोलण्याची शक्यता मोठी, आणि मग तुमच्या हातात दोनच्या जागी तीन भाषा येतात. पहिल्याच प्रयत्नात हे ओझं नको. ताश्कंद घ्या. तिथे उझबेक आणि रशियन या दोन्ही भाषा रोजच्या व्यवहारात खरोखर मिसळलेल्या आहेत.

ताश्कंदमध्ये चोरसू बाजार घ्या. त्याचा मोठा निळा घुमट, खाली मांस-दुधाचे ओटे आणि वरच्या गोल सज्जात सुकामेव्याचे ढीग, एवढं चित्र प्रसंगाला पुरेसं आहे. आजूबाजूचं वर्णन दोन ओळींच्या पुढे नेऊ नका. घासाघीस सुरू झाली की वाचकाचं लक्ष ढिगावर आणि तोंडावर असतं.

माल असा निवडा की त्याबद्दल बोलण्यासारखं काही असेल. नान निवडू नका. उझबेक माणूस नानला फार मान देतो, ती उलटी ठेवणंसुद्धा त्याला खपत नाही, आणि तिच्या भावावर कोणी फारशी ओढाताण करत नाही. मी सुके जर्दाळू सुचवेन. उझबेकमध्ये त्यांना तुरशाक म्हणतात, आणि बी काढून वाळवलेल्या जर्दाळूला रशियनमध्ये कुरागा. ओट्यावर सहसा दोन ढीग दिसतात, एक झळझळीत नारिंगी आणि एक मळकट तपकिरी. नारिंगी रंग गंधकाच्या धुरीमुळे टिकतो. धुरी न देता नुसता उन्हात वाळवलेला जर्दाळू तपकिरी होतो. नवखं गिऱ्हाईक नारिंगी ढिगाकडे जातं, जाणकार तपकिरीकडे. म्हणजे बोट कुठल्या ढिगाकडे गेलं यावरूनच विक्रेत्याला कळतं की समोरचं माणूस कितपत फसेल. भावाचा पहिला आकडा उच्चारण्याआधीच तुमचा प्रसंग सुरू झालेला असतो.

दुसरी पायरी : विक्रेत्याला रशियन कुठून येते ते ठरवा

हे कथेत सांगायचं नाही, पण लेखकाला माहीत हवं. उझबेक ही १९८९ साली राज्यभाषा झाली आणि १९९१ साली देश स्वतंत्र झाला. त्याआधी शाळा संपवलेल्या, आता साठीला आलेल्या बाईची रशियन सफाईदार असते. पस्तिशीचा तरुण रशियात बांधकामावर राबून आला असेल, तर त्याची रशियन आखूड, कामापुरती आणि थोडी रांगडी असेल. विशीतल्या पोराला कदाचित रशियनपेक्षा चार इंग्रजी वाक्यं जास्त जमतील. तिघांच्या तोंडी एकच संवाद घालता येणार नाही.

आपण साठीची बाई घेऊ. तिला सगळे ओपा म्हणतात, म्हणजे ताई. ओपाच्या रशियनमध्ये एक खोट राहू शकते. उझबेकमध्ये व्याकरणाचं लिंग नाही, त्यामुळे रशियन विशेषणं लावताना पुल्लिंग-स्त्रीलिंगाची गल्लत होते. मराठी लेखकाला इथे फार मोह होतो, कारण आपल्याकडे तीन लिंगं आहेत आणि 'माझा बायको' छाप वाक्य लिहून हशा मिळवणं सोपं आहे. ते करू नका. मायबोली नसलेल्या भाषेत ही बाई रोज धंदा करते, आणि तो तुमच्या गिऱ्हाइकापेक्षा चांगला करते. तिला विदूषक केलंत की घासाघिशीतला ताण संपला, कारण हास्यास्पद माणसासमोर हरण्याची भीती कोणाला वाटणार?

तिसरी पायरी : प्रसंग कोणाच्या कानाने ऐकायचा?

सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक लोक हीच गाळतात. नियम साधा आहे. ज्या पात्राच्या कानाने प्रसंग चालतो, त्याला कळणारी भाषा मराठीत लिहायची. त्याला न कळणारी भाषा जशीच्या तशी देवनागरीत लिहायची आणि तिचं भाषांतर करायचं नाही.

आपलं गिऱ्हाईक मृणाल. पुण्याची, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेली. तिला रशियन समजते, उझबेकमधले दोनचार शब्द सोडले तर बाकी काही कळत नाही. म्हणजे ओपाचं रशियन बोलणं आपण मराठीत लिहिणार, त्यात बाजारातले मोजके रशियन शब्द ठेवणार. ओपाचं उझबेक मात्र ऐकू येईल तसंच लिहिणार. मृणालला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळेल. ओपा शेजारच्या पोराशी काय बोलली हे तिला चेहऱ्यांवरून ताडावं लागेल, आणि वाचकालाही.

कथा ओपाच्या बाजूने सांगायची असेल तर सगळं उलटं होतं. मग उझबेक मराठीत येते आणि रशियन थोडी परकी, जपून बोललेली वाटायला हवी. दोन्ही कथा चांगल्या होऊ शकतात. फक्त एकाच प्रसंगात दोन्हींकडे उडी मारू नका. ज्या कच्च्या मसुद्यात उझबेक वाक्य, लगेच कंसात मराठी अर्थ, मग रशियन वाक्य आणि पुन्हा कंस असा प्रकार असतो, त्यात लेखकाने कान निवडलेला नसतो.

चौथी पायरी : कुठला शब्द कुठल्या भाषेत?

ताश्कंदच्या बोलण्यात मिसळण होते ती साधारण ठरलेल्या वाटांनी. रशियनमध्ये बोलतानाही नात्याची हाक आणि आशीर्वाद उझबेकमध्येच राहतात. किझिम (माझ्या मुली), ओपा, आका (दादा), 'बराका तोपिंग' (बरकत लाभो) हे शब्द रशियन वाक्यात सहज बसतात. उलट, उझबेकमध्ये बोलताना व्यवहाराचे काही शब्द रशियनमधून येतात. स्कीदका म्हणजे सूट, पाकेत म्हणजे पिशवी. त्यांना उझबेक क्रियापद जोडलं की काम झालं. 'स्कीदका किल्दिम', सूट दिली. आपण 'डिस्काउंट केला' म्हणतो त्याच धाटणीचं.

एक धोका सांगतो. अनेक उझबेक शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात, कारण दोन्हीकडे ते फारसी-अरबीतून आले. बोझोर, सावदो, इन्सोफ हे तुम्हाला न सांगता कळतील आणि वाचकालाही, म्हणून असे शब्द न कळणाऱ्या उझबेक वाक्यात मुद्दाम ठेवा. अर्थाचा एक धागा हाती लागतो. पण 'किम्मत' हा शब्द किंमत या अर्थाने वापरू नका. उझबेकमध्ये त्याचा अर्थ 'महाग' असा होतो. भाव विचारायचा तर 'कांचा?' म्हणजे 'किती?' एवढं पुरे.

पाचवी पायरी : आकडे आधी कागदावर

संवादाला हात लावण्यापूर्वी तीन आकडे लिहून ठेवा. स्थानिक गिऱ्हाईक देतं तो भाव, परदेशी माणसाला सांगितला जाणारा भाव, आणि ज्याखाली विक्रेती जाणारच नाही तो भाव. आपल्या प्रसंगात ते किलोला अनुक्रमे ६० हजार, ९० हजार आणि ६० हजार सोम आहेत. सोम हे उझबेकिस्तानचं चलन, त्याचे आकडे मोठे वाटतात. २०२५ साली एका रुपयाला साधारण १४० ते १५० सोम पडत, तेवढे धरा. हे भाव कथेपुरते आहेत, तुमची कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षाचे भाव काढून घ्या. २०१७ पूर्वीची कथा असेल तर विशेष जपा. त्या वर्षी सरकारने चलनाचे निर्बंध उठवले आणि डॉलरचा अधिकृत भाव जवळजवळ दुप्पट झाला. त्याआधी दोन लाखांची नोट तर नव्हतीच, ती २०२२ साली आली.

बोलताना 'हजार' गळतो. 'नव्वद' म्हणजे नव्वद हजार. परक्या वाचकासाठी पहिल्यांदा पूर्ण आकडा एखाद्याच्या तोंडून वदवून घ्या, मग सोडून द्या. आणि हिशेब करताना, पैसे मोजताना ओपाला उझबेकमध्येच मोजू द्या. गिऱ्हाइकाशी माणूस कुठल्याही भाषेत बोलेल, नोटा मात्र तो लहानपणच्या भाषेत मोजतो.

सहावी पायरी : तू आणि तुम्ही

उझबेकमध्ये सेन आणि सिझ, रशियनमध्ये ती आणि वी, मराठीत तू आणि तुम्ही. तिन्ही भाषांत ही दोन दारं आहेत. इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे हे साधन नाही, आपल्याकडे आहे, तर ते वापरा. सुरुवातीला ओपा मृणालला 'तुम्ही' म्हणेल, गिऱ्हाईक म्हणून. ज्या क्षणी तिला सौदा पक्का करायचा असेल त्या क्षणी ती 'तू'वर येईल, पोरीशी बोलावं तशी. मृणाल मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणेल. हा बदल कुठे करायचा ती जागा आधी ठरवा आणि एकदाच करा.

आता प्रसंग

मृणाल ओट्यासमोर थांबली तेव्हा ओपा फडक्याने तराजूचं ताट पुसत होती.

"होरमांग, ओपा."

फडकं थांबलं. "बोर बोलिंग, किझिम, बोर बोलिंग!" आणि लगेच रशियनमध्ये, "कुठून आलात?"

"भारतातून. पुण्याहून."

"मग आधी चव घ्या. चवीचे पैसे घेत नाही मी." ओपाने नारिंगी ढिगातला एक जर्दाळू पुढे केला.

मृणालने तो तोंडात टाकला आणि शेजारच्या तपकिरी ढिगाकडे बोट केलं. "ही कुरागा कशी दिली?"

"ती कशाला? ही बघा ना, रंग बघा हिचा."

"रंग गंधकाचा आहे. मला तपकिरीच हवी."

ओपाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "नव्वद."

"नव्वद हजार? किलोला? दोरगा, ओपा, फार दोरगा."

"दोरगा कशी? झाडावर पिकलेली, घराच्या छपरावर वाळवलेली. बरं, तुम्ही बोला. किती देता?"

"पन्नास."

"इन्सोफ बोरमी?" हे ओपा मृणालला नाही, जर्दाळूंना म्हणाली.

पलीकडच्या ओट्यावर बदाम निवडणारा पोरगा हसला. "खोला, कांचागा बेर्यापसिझ?"

"तोकसोन देदिम."

"हिंदिस्तोनलिक-कु, सावदोलाशादी."

"माझ्याबद्दल बोलताय ना?" मृणालने विचारलं.

"जासुर म्हणतोय, तुमचे लोक सौदा केल्याशिवाय हलत नाहीत."

"बरोबर म्हणतोय. साठ."

"ऐंशी. ही स्कीदका फक्त तुम्हाला."

"साठ, ओपा."

ओपाने मान हलवली आणि पुन्हा फडकं उचललं. मृणालने पर्सची चेन ओढली, "रहमत" म्हणाली आणि चालू लागली. अक्रोडांचा ओटा गेला, मनुकांचा गेला.

"दोचका!" मागून हाक आली. "अगं पोरी, इकडे ये. किती न्यायचीय तुला?"

"एक किलो."

"एका किलोत काय होतंय? घरी माणसं नाहीत का? दोन घे. दोनाचे एकशे तीस."

"एकशे वीस."

"एकशे तीस, आणि वर हे." ओपाने कोपऱ्यातल्या पोत्यात हात घालून राखेने पांढरट झालेल्या बियांची मूठ काढली. "शोर दानक. जर्दाळूचीच बी, खारवलेली. फोडून खा."

मृणालने एक बी उचलली. तिला आधीच चीर पडलेली होती, नखाने उघडली. "लाद्ना," ती म्हणाली.

"खोप, मायली. जासुर, पाकेत बेर!"

दोन लाखांची नोट ओपाच्या एप्रनच्या खिशात गेली. उरलेले पैसे तिने मृणालच्या तळहातावर एकेक ठेवले, आधी पन्नासची नोट, मग दोन दहाच्या. "एल्लिक. ओल्तमिश. येतमिश." मग मृणालची बोटं त्यांच्यावर मिटवली. "बराका तोप, किझिम."

हा प्रसंग उलगडून पाहू

'होरमांग' हा काम करणाऱ्या माणसाला म्हणायचा शब्द आहे, 'थकू नका' अशा भावाचा. त्याचं ठरलेलं उत्तर 'बोर बोलिंग'. मृणालने नमस्कारासारखा कुठलाही शब्द वापरला असता तर ती पर्यटकच राहिली असती. हा एक शब्द तिला येतो म्हणून ओपाचं फडकं थांबतं. पण ओपा लगेच रशियनमध्ये गेली, म्हणजे शब्द आवडला तरी समोरची परकीच आहे हे तिने ओळखलं. भाव नव्वदच सांगितला.

उझबेकमधल्या वाक्यांपैकी मृणालला उद्देशून असलेली फक्त हाक, उत्तर आणि आशीर्वाद. बाकी सगळी तिला वगळून बोललेली आहेत. जासुर ओपाला 'खोला' म्हणजे मावशी म्हणतो आणि 'कितीला देताय?' असं आदराने विचारतो. ती 'नव्वद सांगितले' म्हणते. तो म्हणतो, 'भारतातली आहे की, सौदा करणारच.' यातलं काहीही मी प्रसंगात उलगडलेलं नाही. 'हिंदिस्तोन' आणि 'सावदो' हे दोन शब्द वाचकाच्या कानावर पडले की पुरे. पुढच्या ओळीत ओपा अर्थ सांगते, पण तो तिच्या सोयीने. आकडा ती गाळते. हा छोटा लबाड अनुवाद प्रसंगाला भाषांतराच्या कंसापेक्षा कितीतरी जास्त देतो.

'इन्सोफ बोरमी?' म्हणजे 'काही न्याय आहे का?' हे स्वतःशी बोलणं आहे, म्हणून उझबेकमध्ये. तेच रशियनमध्ये मृणालला सुनावलं असतं तर भांडण झालं असतं. स्वतःच्या भाषेत पुटपुटल्यामुळे राग दिसतो आणि सौदाही तुटत नाही.

'तू' येतो तो 'दोचका', म्हणजे रशियनमधल्या 'पोरी' या हाकेबरोबर, गिऱ्हाईक निघून चाललं तेव्हा. त्याच वेळी ओपा किलोच्या भावावरून दोन किलोच्या एकत्र भावावर जाते. आकड्यांत पाहिलं तर ती ऐंशीवरून पासष्टवर आली, पण 'पासष्ट' हा शब्द तिने उच्चारलाच नाही. चांगला विक्रेता हरलेला आकडा तोंडाने कबूल करत नाही. मृणालला स्थानिक भावापेक्षा पाच हजार जास्त पडले, म्हणजे किलोमागे पस्तीसेक रुपये, आणि खारवलेल्या बिया मिळाल्या. दोघींनाही जिंकल्यासारखं वाटावं असा शेवट हवा असेल तर फरक एवढाच ठेवा. मृणालला नेमका ६०चा भाव मिळवून दिलात तर ओपाचा कसब खोटा पडतो.

शेवटचा आशीर्वादही बघा. सुरुवातीचा 'बोर बोलिंग' आदरार्थी आहे, शेवटी मात्र 'बराका तोपिंग' न म्हणता 'तोप' म्हटलंय. रशियनमध्ये झालेला 'तू'चा बदल उझबेकमध्येही उतरला. असा तपशील फार थोड्या वाचकांना जाणवेल, पण चुकला तर उझबेक जाणणाऱ्याला तो लगेच खुपेल.

लिप्यंतर

उझबेकमधला 'ओ' आपल्या 'ऑ'च्या जवळ जातो, पण 'बॉझॉर' असं लिहिलं की मराठी वाचक अडखळतो. म्हणून मी सगळीकडे 'ओ' ठेवतो. 'झ' आपल्या 'माझा'मधला उच्चारा. रशियन शब्द लिहिताना लिपीपेक्षा उच्चार पाहा. लिहिलेलं 'दोरोगो' बोलताना 'दोरगा' होतं, 'खोरोशो' 'खराशो' होतं. जी पद्धत घ्याल ती पूर्ण कथेत पाळा. एकाच पानावर 'तोपिंग' आणि 'टॉपिंग' दोन्ही आले तर दुसऱ्यात पिझ्झा दिसू लागतो.

मसुदा पुरा झाला की एक चाचणी करा. प्रत्येक उझबेक आणि रशियन शब्दाखाली रेघ मारा आणि बाजूला लिहा की तो कोणाला उद्देशून आहे: गिऱ्हाइकाला, शेजाऱ्याला, की स्वतःला. ज्या शब्दाचं उत्तर 'वाचकाला' असं येईल तो काढून टाका. मग प्रसंग कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, आणि ज्याला या दोन्ही भाषा येत नाहीत अशा ऐकणाऱ्याला विचारा की भाव कुठल्या वाक्याला पडला. त्याने 'दोचका'वर बोट ठेवलं तर मसुदा पुढे पाठवायला हरकत नाही. त्याने दुसरीकडे कुठे बोट ठेवलं तर सहाव्या पायरीवर परत जा.